भाव चढतोच आहे पण एमएसीडीचा हिस्टोग्राम बारीक होत चाललाय, ट्रेंड संपला म्हणायचं का?

रोहन_म्हापसा (रविवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. दुकान बंद करून आत्ता बसलोय, दोन आठवडे डोक्यात घोळतंय ते विचारतो. माझ्याकडे एक शेअर आहे, नाव घेत नाही कारण मग चर्चा त्या कंपनीवर जाते आणि माझा प्रश्न राहून जातो. तो ५४० च्या आसपास बरेच दिवस पडून होता, मग उठला आणि ११ सेशनमध्ये ६१२ झाला. तोपर्यंत डेली चार्टवर एमएसीडीचा हिस्टोग्राम मस्त गडद हिरवा, रोज आदल्या दिवसापेक्षा उंच, ६.१ पर्यंत गेला. त्याच्यापुढे १० सेशन झाली, शुक्रवारचा क्लोज ६५२. म्हणजे भाव आणखी ४० रुपये वर, पण हिस्टोग्राम उतरत उतरत ३.० वर आलाय, बार सगळे फिकट हिरवे. सेटिंग नेहमीचंच १२, २६, ९.

मी ज्या ग्रुपमध्ये आहे तिथे सगळे म्हणतात हिस्टोग्राम अर्धा झाला म्हणजे ट्रेंडमधली ताकद अर्धी झाली, विकून मोकळा हो. पण मला भाव पडताना दिसतच नाहीय. हा हिस्टोग्राम नक्की काय सांगतोय ते कोणी नीट समजावेल का? चवथीच्या खर्चाला हे पैसे लागणार आहेत, म्हणून उगाच विकायचं पण नाही आणि उगाच धरून पण बसायचं नाही.

मांडवीकाठ (रविवार, रात्री १०:०५)

रोहन, ग्रुपवाले बरोबर सांगतायत. आमचं घर नदीला लागून, मी लहानपणापासून भरती बघत आलोय. भरती संपायच्या आधी तासभर पाणी चढतच असतं पण त्याची ओढ गेलेली असते, होडीचा दोर सैल पडतो, बघणाऱ्याला वाटतं पाणी अजून वर येतंय पण जाणकाराला कळतं की आता ओहोटी लागणार. हिस्टोग्राम म्हणजे तो दोर आहे. भाव नवा हाय, हिस्टोग्राम खाली, याला डायव्हर्जन्स म्हणतात आणि डायव्हर्जन्स दिसला की निघायचं. मी गेली चार वर्षं असंच करतो आणि मोठा मार कधी बसला नाही.

वास्को_बंदर (रविवार, रात्री १०:२०)

बरोबर, बार बारीक म्हणजे विकत घेणारे कमी झाले. थोडे लोक भाव वर नेतायत, मोठे हात निघून गेले. असा शेअर मी धरत नाही.

फोंडेकर (रविवार, रात्री ११:१५)

वास्को बाब, एक गोष्ट आधी सरळ करू या नाहीतर पुढचं सगळं चुकेल. तुम्ही सांगताय ते व्हॉल्यूमचे बार, ते वेगळे. एमएसीडीच्या हिस्टोग्राममध्ये किती शेअर घेतले-विकले गेले याचा एक आकडासुद्धा जात नाही, त्यात जातो फक्त रोजचा क्लोज. क्लोजच्या १२ च्या सरासरीतून २६ ची वजा केली की एमएसीडी, त्या एमएसीडीची परत ९ ची सरासरी काढली की सिग्नल, आणि त्या दोघांतलं अंतर म्हणजे हा हिस्टोग्राम. म्हणजे मोठे हात निघाले की राहिले हे त्याला कळायला मार्गच नाही.

आता रोहनच्या प्रश्नाकडे येतो. मांडवीकाठ यांची भरतीची उपमा मला मनापासून आवडली पण तिथेच घोटाळा आहे असं माझं म्हणणं आहे. भरतीला घड्याळ असतं, ओढ कमी झाली की सहा तासांच्या हिशेबाने ओहोटी येणारच. भावाला असलं घड्याळ नाही. त्यापेक्षा चोर्ला घाट चढणारी बस डोळ्यासमोर आणा. साखळी सोडल्यावर ड्रायव्हर वेग घेतो तेव्हा आपण पाठीमागे सीटवर रेलतो, ती पाठीला जाणवणारी ढकल म्हणजे हिस्टोग्राम. मग बस चाळीसच्या वेगाला लागली की ढकल जाते, पण बस चढतच असते, आणि तशीच तासभर चढू शकते. ढकल गेली म्हणजे बस उलटी फिरणार असं कोणी म्हणत नाही ना.

हे नुसतं बोलून पटत नाही, मलाही पटलं नव्हतं, म्हणून मी एकदा शीटमध्ये खोटा शेअर बनवला. बी कॉलममध्ये भाव टाका, आधी ५००, आणि मग रोज बरोबर ५ रुपये वाढवत न्या, एक दिवस कमी नाही एक दिवस जास्त नाही. सी२ आणि डी२ मध्ये ५००, एफ२ मध्ये शून्य, आणि तिसऱ्या ओळीपासून हे खाली ओढत न्या:

```
C3: =C2+(B3-C2)*2/13
D3: =D2+(B3-D2)*2/27
E3: =C3-D3
F3: =F2+(E3-F2)*2/10
G3: =E3-F3
```

जी कॉलम म्हणजे हिस्टोग्राम. चौदाव्या दिवशी भाव ५७० आणि हिस्टोग्राम ४.८७, हा त्याचा सगळ्यात उंच बार. तिथून तो उतरायला लागतो. विसाव्या दिवशी भाव ६००, हिस्टोग्राम ४.२२. तिसाव्या दिवशी ६५० आणि २.४९. चाळिसाव्या दिवशी भाव ७००, हिस्टोग्राम १.२७. म्हणजे बार चौथाई झाला, आणि त्या सगळ्या दिवसांत भावाचा जोर एका पैशाने कमी झालेला नाही, रोजचे ५ रुपये ते रोजचे ५ रुपयेच. ग्रुपवाल्यांच्या हिशेबाने ६५० च्या आसपासच सुटायला हवं होतं.

रोहन_म्हापसा (रविवार, रात्री ११:३५)

फोंडेकर बाब, शीट आत्ताच करून बघितली, आकडे तेच आले. खरं सांगतो मी थोडा वेळ नुसता बघत बसलो. पण असं का होतं? भाव तसाच चढतोय तर बार तसाच का राहत नाही?

फोंडेकर (सोमवार, सकाळी ७:५०)

रात्री लाइट गेली म्हणून आता लिहितो. सरासरी नेहमी भावाच्या मागे चालते हे तर तुला माहीत आहे. भाव रोज सारखाच चढत राहिला की काही दिवसांनी हे मागे राहणं पण ठरून जातं, १२ ची सरासरी साडेपाच दिवसांच्या चढीइतकी मागे आणि २६ ची साडेबारा दिवसांच्या चढीइतकी मागे. दोघींतला फरक सात दिवसांचा. म्हणून रोज ५ रुपये चढणाऱ्या शेअरचा एमएसीडी ३५ च्या जवळ जाऊन थांबतो, त्याच्यावर जायचं त्याला कारणच उरत नाही. आणि एमएसीडी थांबला की त्याची ९ ची सरासरी, म्हणजे सिग्नल, मागून येऊन त्याला गाठते. गाठली की हिस्टोग्राम शून्य. भाव चढतोय, एमएसीडी उंच आहे, आणि हिस्टोग्राम शून्य.

तर हिस्टोग्राम वाढतो तो वेग वाढत असेल तेव्हा. वेग आहे तेवढाच राहिला तरी तो उतरतो, वेग कमी झाला तर जरा लवकर उतरतो, आणि चार्टवर फिकट बार मात्र दोन्ही वेळी सारखेच दिसतात, सगळी फसगत तिथेच होते. नुसत्या बारकडे बघून दोन्ही वेगळे करता येत नाहीत, एमएसीडीची लाइन आणि भावाचा रोजचा वेग दोन्ही बाजूला घेऊन बसावं लागतं.

काणकोणची_वैशाली (सोमवार, सकाळी ९:०५)

मार्केट उघडायच्या आधी पटकन लिहिते. मला वाटतं माझं गेल्या महिन्याचं नुकसान याच्यातूनच झालं, कोणीतरी सांगा बरोबर पकडतेय का. मी पाच मिनिटांच्या चार्टवर करते. शेअर आदल्या दिवशी १२०० ला बंद, सकाळी १२२४ ला उघडला आणि तिथेच एक-दोन रुपये इकडेतिकडे करत बसला. हिस्टोग्राम पहिल्या तीन-चार कँडलमध्ये जोरात वर, मग सारखा खाली खाली, मी म्हटलं गॅप भरणार, पावणेदहाला शॉर्ट मारला. भाव पडलाच नाही. साडेदहाच्या सुमाराला हिस्टोग्राम शून्याखाली गेला तेव्हा मला वाटलं आता नक्की, म्हणून अजून क्वांटिटी घातली. दुपारी १२३८ झाला आणि स्टॉप लागला. पाऊस इतका होता की नेटवर्क जात-येत होतं, त्यात स्टॉप पण मी उशिरा लावलेला. घरी कोणाला सांगितलं नाही अजून.

फोंडेकर (सोमवार, दुपारी १:३०)

वैशाली बाय, तुझी केस रोहनच्या केसपेक्षा पण स्वच्छ आहे, मी जेवणाच्या सुट्टीत शीटमध्ये टाकून बघितली. आधी १२०० सपाट, मग एकदम १२२४, आणि पुढे १२२४ च १२२४, काहीच हालचाल नाही. हिस्टोग्राम चौथ्या कँडलपर्यंत वाढतो म्हणजे ९:३५ पर्यंत, तिथून उतरायला लागतो, चौदाव्या कँडलला जवळजवळ शून्य आणि पंधराव्याला शून्याखाली. ९:१५ पासून पंधरा कँडल म्हणजे साडेदहा. तुझी वेळ आणि ही वेळ तीच आहे बघ. म्हणजे तुला जो सेल दिसला तो सकाळच्या एका उडीचा जोर सरासरीतून ओसरत होता तेवढाच, साडेदहाच्या बाजाराबद्दल त्यात काहीच नव्हतं. भाव जागचा हलला नाही तरी तो सिग्नल त्याच मिनिटाला आला असता.

तुझ्या चार्टवर आदल्या दिवशीच्या शेवटच्या कँडल सपाट नसतील तर एक-दोन कँडलचा फरक पडेल, पण मोठ्या गॅपनंतरच्या पहिल्या तासातला हिस्टोग्राम मी स्वतः वाचत नाही.

काणकोणची_वैशाली (सोमवार, दुपारी ३:४५)

देव बरें करूं. मी जुने सहा गॅपअपचे दिवस उघडून बघितले, पाच दिवशी दहा ते पावणेअकरा या वेळात हिस्टोग्राम शून्याखाली गेलाय. त्यातल्या तीन दिवशी भाव नंतर वर गेला, दोन दिवशी खाली. म्हणजे त्याच्यावरून काहीच ठरत नव्हतं आणि मी त्याच्यावर पैसे लावत होते.

मास्तर_साखळी (सोमवार, सायंकाळी ६:१०)

फोंडेकर, तुमचं गणित तपासलं, बरोबर आहे. मी शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं, त्यामुळे एक शंका मांडल्याशिवाय राहवत नाही. तुम्ही रोज ५ रुपये वाढवले आणि म्हणालात जोर कमी झाला नाही. पण ५०० वर ५ म्हणजे १ टक्का, आणि ७०० वर ५ म्हणजे ०.७१ टक्का. गुंतवणूकदाराच्या दृष्टीने वाढीचा दर खरोखर घटला की. मग हिस्टोग्राम उतरला त्यात त्याची चूक काय?

फोंडेकर (सोमवार, रात्री ९:२०)

मास्तर, शंका रास्त आहे, हे मी सुटसुटीतपणासाठी सोडून दिलं होतं. रोज बरोबर १ टक्का वाढवत नेलं तर हिस्टोग्राम शून्याला जात नाही, भाव ९०० च्या आसपास असताना साधारण सव्वादोन रुपयांवर थांबतो आणि मग भावाबरोबर हळूहळू वाढतो. पण सुरुवातीला तो पाचाच्या पलीकडे जाऊन आलेला असतो. म्हणजे टक्केवारीत एक कणही न मंदावलेल्या शेअरचा हिस्टोग्रामसुद्धा आधी फुगून मग निम्म्याहून जास्त उतरतो. तेव्हा तुमचा मुद्दा उतरण किती खोल जाईल याच्यावर आहे, उतरण येणार की नाही याच्यावर नाही.

खूप लांबचा चार्ट बघणाऱ्याने मात्र रुपयातला एमएसीडी बघूच नये हे मला मान्य आहे. २०० रुपयांच्या काळातला बार आणि ९०० रुपयांच्या काळातला बार शेजारी ठेवून ताकद मोजणं निरर्थक. त्यासाठी पीपीओ असतो, त्यात तोच फरक २६ च्या सरासरीने भागून टक्क्यात दाखवतात.

मांडवीकाठ (सोमवार, रात्री १०:००)

सगळं वाचलं, शीट पण केली. मान्य, सरळ रेषेत चढणाऱ्या शेअरवर माझा नियम खोटा ठरतो. पण खरा शेअर सरळ रेषेत चढतो कुठे? रोहनचा शेअर ११ दिवसांत ७२ रुपये चढला, मग १० दिवसांत ४०. म्हणजे वेग कमी झालाच आहे. हिस्टोग्रामने तेच सांगितलं. मग मी चुकीचं काय बोललो?

फोंडेकर (सोमवार, रात्री ११:०५)

तुम्ही चुकीचं नाही बोललात, आणि हाच प्रश्न कोणीतरी विचारावा अशी माझी इच्छा होती. किती उतरण गणिताची आणि किती खऱ्या मंदावण्याची हे वेगळं काढता येतं, मी रोहनच्या आकड्यांवर काढलं. दोन शीट केल्या. पहिलीत त्याचा शेअर पहिल्या ११ दिवसांसारखाच पुढचे १० दिवस पण रोज साडेसहा रुपयांनी चढवला. त्यात हिस्टोग्राम चौदाव्या दिवशी ६.३ पर्यंत जातो आणि एकविसाव्या दिवशी ५.३ असतो. दुसरीत त्याने सांगितलं तसं, पुढचे १० दिवस रोज ४ रुपये. त्यात एकविसाव्या दिवशी ३.०, म्हणजे त्याच्या चार्टवर दिसतोय तेवढाच. म्हणजे काहीच मंदावलं नसतं तरी ५.३ पर्यंत तो आलाच असता, आणि ५.३ पासून ३.० पर्यंतची उतरण मात्र साडेसहाचे चार झाले त्याची आहे. तुमची ओढ कमी झाली ही गोष्ट खरी. निघायचं ही गोष्ट त्याच्यातून आपोआप येत नाही, कारण रोज ४ रुपये चढणारा ६५० चा शेअर काही कमजोर शेअर नव्हे.

आता मी स्वतः काय बघतो ते सांगतो. एमएसीडीच्या आकड्याला ७ ने भागायचं. रोहन, तुझा एमएसीडी किती आहे?

रोहन_म्हापसा (मंगळवार, सकाळी ८:१५)

शुक्रवारचा २४.८, सिग्नल २१.८. हिस्टोग्राम ६.१ होता त्या दिवशी एमएसीडी १६.३ होता. म्हणजे हिस्टोग्राम अर्धा झाला त्या काळात एमएसीडी दीडपट झालाय, हे मी आज पहिल्यांदा बघितलं, मी लाइनकडे कधी बघतच नव्हतो, नुसते बार.

फोंडेकर (मंगळवार, सकाळी ८:४०)

२४.८ भागिले ७ म्हणजे साधारण साडेतीन. याचा अर्थ असा धर की तुझा शेअर सरासरी रोज साडेतीन रुपयांपेक्षा जास्त चढत राहिला तर एमएसीडीला कायमचं खाली यायचं कारण नाही, हिस्टोग्राम कितीही बारीक होवो. रोज ४ ने चढला तर तो २८ कडे सरकत जाईल आणि बार नुसते विरत जातील. पण वेग रोज २ रुपयांवर आला तर त्याची जागा १४ ला, म्हणजे २४.८ वरून त्याला खाली यावंच लागणार, आणि येताना तो सिग्नलला कापून हिस्टोग्राम लाल करेल. भाव मात्र तेव्हाही रोज २ रुपये वरच जात असेल.

यात अडचण अशी की हा सातचा हिशेब बसायला वेग काही आठवडे टिकावा लागतो आणि खरा भाव कधीच इतका सरळ नसतो, एक दिवस पंधरा रुपये वर दोन दिवस पाच-पाच खाली असं चालतं. म्हणून मी एका दिवसाचा वेग धरत नाही, आजचा क्लोज वजा १० सेशनपूर्वीचा क्लोज, भागिले १०, आणि तो आकडा एमएसीडी भागिले ७ च्या शेजारी ठेवतो. पहिला मोठा असेल तर बार बारीक झाले तरी मी शांत असतो. पहिला लहान झाला तर मंदी खरी. आणि ही १२-२६ ची गोष्ट, कोणी दुसरी सेटिंग ठेवली असेल तर सातच्या जागी दोन आकड्यांतला फरक भागिले दोन.

वास्को_बंदर (मंगळवार, सकाळी ९:००)

म्हणजे व्हॉल्यूम बघायचाच नाही का?

फोंडेकर (मंगळवार, दुपारी १:४०)

बघा, जरूर बघा, पण त्याचा वेगळा बार लावून बघा. मी एवढंच म्हटलं की हिस्टोग्राममध्ये तो नसतो. अजून एक, दिवस चालू असताना शेवटचा बार धरू नका, ३:३० ला क्लोज होईपर्यंत तो गडदचा फिकट आणि फिकटचा गडद होत राहतो. वीकली चार्टवर तर शुक्रवारपर्यंत थांबावं लागतं.

मांडवीकाठ (मंगळवार, रात्री ९:३०)

माझ्या जुन्या नोंदी काढून बसलो होतो. चार वर्षांत हिस्टोग्राम उतरला म्हणून मी २३ वेळा बाहेर पडलोय. नंतर काय झालं ते कधी लिहिलंच नव्हतं, आज प्रत्येक चार्ट उघडून बघितला. १४ वेळा भाव पुढे माझ्या विक्रीच्या वर किमान १० टक्के गेला. मोठा मार बसला नाही हे मी वर लिहिलं ते खरंच आहे, पण काय सुटलं ते मी मोजलंच नव्हतं. तरी ज्या ९ वेळा भाव पडला त्यातल्या बऱ्याच चार्टवर एक वेगळी गोष्ट दिसते. तिथे भाव एकदा खाली आला होता, हिस्टोग्राम शून्याखाली जाऊन आला होता, आणि मग भावाने नवा हाय केला पण हिस्टोग्रामचं दुसरं शिखर पहिल्याच्या अर्ध्यावरच थांबलं. रोहनच्या चार्टवर तसं नाही, त्याचं एकच शिखर आहे आणि त्याचीच उतरण चाललीय.

फोंडेकर (मंगळवार, रात्री १०:१०)

हे तुम्ही फार मोलाचं काढलंत. डायव्हर्जन्स म्हणायला दोन शिखरं लागतात, मध्ये एक खड्डा लागतो. एकाच शिखराची उतरण आणि दोन शिखरांतली तुलना या वेगळ्या गोष्टी, आणि लोक दोघींना एकच नाव देतात. दुसऱ्या वेळी खड्ड्यातून निघून भावाने परत धाव घेतली असते, म्हणजे परत ढकल बसायला हवी होती आणि पहिल्याइतकी बसली नाही. तिथे हिस्टोग्रामच्या आकड्याला अर्थ आहे. थॉमस अ‍ॅस्प्रे यांनी १९८६ मध्ये हिस्टोग्राम काढला तोच एमएसीडीचं वळण आधी कळावं म्हणून, कारण एमएसीडी आणि सिग्नलची गाठ पडेपर्यंत उशीर व्हायचा. मूळ एमएसीडी जेराल्ड अ‍ॅपल यांचा, त्याच्या काही वर्षं आधीचा. तेव्हा हिस्टोग्राम लवकर बोलतो हा त्याचा गुण आहे, पण तो एमएसीडीच्या वळणाबद्दल बोलतो, भावाच्या वळणाबद्दल नाही.

मास्तर_साखळी (बुधवार, सकाळी ७:००)

मी तरी अशा वेळी एक-तृतीयांश काढून घेतो. पेन्शनवर चालणाऱ्या माणसाला वेग घटला हेही पुरेसं कारण आहे. फोंडेकरांचं गणित बरोबर असलं तरी रोहनला चवथीपर्यंत पैसे हवे आहेत, त्याच्याकडे पाच महिने थांबायला नाहीत.

फोंडेकर (बुधवार, सकाळी ७:४५)

मास्तर, ते पैशाच्या वेळेचं कारण झालं आणि ते मला शंभर टक्के पटतं. पण मग हिस्टोग्राम ६.१ असताना पण एक-तृतीयांश काढायलाच हवं होतं ना? तारीख तर तेव्हाही तीच होती.

मास्तर_साखळी (बुधवार, सकाळी ८:०५)

तेव्हा नसतं काढलं. चढ जोरात असताना माणसाचा हात विक्रीला जात नाही, पहिली थकवा दिसेल अशी खूण शोधतो आणि तिथे थोडं काढतो. ती खूण गणिताने अर्धी खरी असली तरी मला चालते. आपलं इथे एकमत होईल असं वाटत नाही.

रोहन_म्हापसा (पुढचा शनिवार, रात्री ८:५०)

पाच सेशनचे आकडे देतो. शुक्रवारचा बाजार असल्यामुळे काल दुकानात उभं राहायला जागा नव्हती, म्हणून आज लिहितोय. क्लोज ६६२, हा आत्तापर्यंतचा सगळ्यात वरचा क्लोज. म्हणजे पाच दिवसांत १० रुपये, दिवसाला २. हिस्टोग्राम ०.६५. आणि एमएसीडी मंगळवारी २५.०५ होता, तिथून बुधवारी वळला आणि काल २४.४६. भागिले ७ केलं तर अजून साडेतीनच येतं. गेल्या १० सेशनचा वेग मी काढला तर ३ आला, आधीच्या पाच दिवसांचे ४ त्यात मिसळलेत म्हणून, पण ३ सुद्धा साडेतीनच्या खालीच. म्हणजे या वेळी मंदी खरी, बरोबर ना?

फोंडेकर (शनिवार, रात्री ९:३०)

बरोबर. गेल्या रविवारी तू विचारलंस तेव्हा बार उतरत होता पण लाइन चढत होती आणि वेग साडेतीनच्या वर होता. आता लाइन वळली आणि वेग खाली आलाय, भाव मात्र नव्या हायवर. रोज २ चाच वेग राहिला तर सोमवारी बार पाव रुपयाचा उरेल आणि मंगळवारी लाल होईल, भाव एक दिवसही न पडता. त्या लाल बारला घाबरून विकणारे त्या दिवशी बरेच असतील, तेव्हा भावावर थोडा दाब पण येऊ शकतो. तो कुठे थांबतो हे हिस्टोग्राम सांगत नाही. मी असतो तर मागच्या खड्ड्याच्या खाली स्टॉप ठेवला असता, तुझ्या चार्टवर तो कुठे येतो?

रोहन_म्हापसा (शनिवार, रात्री ९:५०)

६३१ ला. मी मास्तरांचं ऐकून एक-तृतीयांश काल ६६१ ला काढलं, चवथीचं सामान त्यात होतं. बाकीचं ६३१ च्या स्टॉपवर ठेवलंय.

मांडवीकाठ (शनिवार, रात्री १०:१५)

रोहन, मंगळवारी लाल झाला की इथे टाक. आणि फोंडेकर, माझ्या त्या २३ चार्टवर तुमचा भागिले सात लावून बघतोय, आत्तापर्यंत आठ झाले. त्यातल्या दोन ठिकाणी वेग वर असूनही भाव चार दिवसांत कोसळलाय, दोन्ही वेळा कंपनीचा निकाल आला होता. ते दोन तुमच्या हिशेबात कसे धरायचे?